हार्डवायर्ड कंट्रोल जलद असतं, पण का? आठपैकी तीन मार्कांचा प्रश्न

तांबडा_पांढरा
नमस्कार मंडळी. मी कॉम्प्युटरच्या सेकंड इयरला आहे, राजारामपुरीत रूम घेऊन राहतो. परवाच्या युनिट टेस्टला 'हार्डवायर्ड आणि मायक्रोप्रोग्राम्ड कंट्रोल युनिटची तुलना करा' असा आठ मार्कांचा प्रश्न होता. मी दोन रकान्यांचा तक्ता काढला. हार्डवायर्ड जलद, मायक्रोप्रोग्राम्ड सावकाश. हार्डवायर्ड बदलायला अवघड, मायक्रोप्रोग्राम्ड सोपं. अशा आठ ओळी लिहिल्या आणि मिळाले तीन मार्क. पेपरवर तांबड्या पेनानं तीन ठिकाणी एकच शब्द होता, 'का?'

घरी येऊन विचार केला तर मला खरंच सांगता येईना. कंट्रोल सिग्नल दोन्हीकडं तेच, एएलयू तोच, मेमरी तीच. मग एक जलद आणि दुसरं सावकाश कशानं होतं? किती सावकाश? आणि 'बदलायला अवघड' म्हणजे नेमकं काय काय बदलावं लागतं? एका तरी सूचनेचं उदाहरण घेऊन कुणी समजावून सांगेल का? पंधरा दिवसांनी विद्यापीठाची परीक्षा आहे.

टॉपर_नोट्स
भावा, टेन्शन घेऊ नको. मागच्या वर्षी हाच प्रश्न आला होता, मला आठपैकी सात होते. हे मुद्दे पाठ कर. वेग: हार्डवायर्ड जास्त. लवचिकपणा: मायक्रोप्रोग्राम्ड जास्त. खर्च: हार्डवायर्ड महाग. किचकट सूचना: मायक्रोप्रोग्राम्डला सोप्या. कंट्रोल मेमरी: फक्त मायक्रोप्रोग्राम्डमध्ये. वापर: हार्डवायर्ड रिस्कमध्ये, मायक्रोप्रोग्राम्ड सिस्कमध्ये. उदाहरण म्हणून ८०८५ मायक्रोप्रोग्राम्ड लिही. आणि १९९४ चा पेंटियमचा भागाकाराचा बग लिहिलास तर परीक्षक खूश होतो. हार्डवायर्ड कंट्रोल असल्यामुळं तो दुरुस्त करता आला नाही, सगळ्या चिप बदलून द्याव्या लागल्या.
'का'चं उत्तर असं, की हार्डवायर्डमध्ये मेमरी वाचावी लागत नाही. एवढं एक वाक्य पुरतं.

शिरोली_नाका
मी शिरोली एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं काम करतो. मायक्रोप्रोग्रामिंग शिकायचं असेल तर आधी ८०५१ चं किट घे. दीड-दोन महिन्यांत हात बसतो. आमच्याकडं पूर्वी फाउंड्रीच्या पॅनेलात सगळी रिले लॉजिक असायची, एक इंटरलॉक बदलायचा तर दिवसभर वायरी सोडत बसायचो. आता पीएलसी आहे, लॅपटॉप जोडला की दहा मिनिटांत काम होतं.

तांबडा_पांढरा
@शिरोली_नाका दादा, आभारी आहे. पण माझा प्रश्न मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम लिहिण्याचा नाही. ८०५१ वर आपण जो प्रोग्रॅम चालवतो, त्यातली एकेक सूचना प्रोसेसरच्या पोटात कशी पार पडते, त्याबद्दल विचारतोय. रिले आणि पीएलसीचं उदाहरण मात्र लक्षात राहील असं आहे.

@टॉपर_नोट्स 'मेमरी वाचावी लागत नाही' हे वाक्य मी लिहिलं होतं. त्याच्याच शेजारी दुसरा 'का?' होता.

नागाळापार्क
मी बरीच वर्षं पुण्यात प्रोसेसर डिझाइनच्या कामात होते, आता कोल्हापुरात परत आले आहे. वेगाचा प्रश्न आधी घेते, कारण तिथंच सगळ्यात जास्त घोकंपट्टी चालते.

क्लॉकच्या एका ठोक्यात दोन कामं व्हावी लागतात. आधी कोणते कंट्रोल सिग्नल चालू करायचे ते ठरायला हवं. मग त्या सिग्नलप्रमाणं डेटा एका रजिस्टरमधून निघून, बसवरून, एएलयूतून जाऊन दुसऱ्या रजिस्टरपर्यंत पोचायला हवा. दुसरं काम दोन्ही पद्धतींत सारखंच आहे. फरक पडतो तो पहिल्यात.

समजण्यासाठी आकडे धरू. डेटाच्या प्रवासाला १४० नॅनोसेकंद. हार्डवायर्डमध्ये डीकोडर आणि दोन-तीन थर गेट, मिळून ६०. म्हणजे ठोका २०० नॅनोसेकंदांचा. मायक्रोप्रोग्राम्डमध्ये कंट्रोल मेमरीचा पत्ता धरणारं रजिस्टर २० घेतं, रॉम वाचायला १५० आणि पुढं तेच १४०. ठोका ३१० चा झाला. हार्डवायर्डचे सेकंदाला ५० लाख ठोके, दुसऱ्याचे साधारण ३२ लाख. पहिल्या 'का?'चं उत्तर हे आहे. रॉमची वाट गेटांच्या वाटेपेक्षा लांब आहे आणि ती दर ठोक्याला चालावी लागते.

इथं एक बारकावा पाहा. रॉम गेटांपेक्षा अडीच पट सावकाश असली तरी यंत्र अडीच पट सावकाश होत नाही, दीड पटच होतं. कारण १४० चा वाटा दोघांनाही भरावा लागतो.

आता यापुढं एक पाऊल आहे, ते बहुतेक नोट्समध्ये नसतं. रॉममधून आलेला शब्द एका रजिस्टरमध्ये धरून ठेवला, तर चालू शब्दाचं काम होत असतानाच पुढचा शब्द वाचता येतो. दोन कामं एकामागून एक न होता शेजारी-शेजारी होतात. मग ठोका ठरतो १५० आणि १४० मधल्या मोठ्या आकड्यावर, अधिक रजिस्टरचे २०. म्हणजे १७०.

तांबडा_पांढरा
मॅडम, मग मायक्रोप्रोग्राम्ड १७० आणि हार्डवायर्ड २००? उलटंच झालं की!

नागाळापार्क
बरोबर जागी थांबलास. पण तेच रजिस्टर हार्डवायर्डमध्येही बसवता येतं. तिथं ६० आणि १४० मधला मोठा आकडा, अधिक २०, म्हणजे १६०. आता १६० विरुद्ध १७० असा सामना आहे. ठोक्याच्या लांबीतला फरक जवळजवळ मिटला.

मग उरलेला फरक गेला कुठं? तो अटींमध्ये गेला. 'शून्य असेल तर उडी मार' ही सूचना घे. हार्डवायर्डमध्ये झेड फ्लॅगची तार अगदी शेवटच्या गेटला जोडता येते. फ्लॅग उशिरा आला तरी एकाच गेटचा वेळ जातो. रॉमला मात्र पत्ता वाचनाच्या सुरुवातीलाच लागतो. फ्लॅग तयार व्हायच्या आधी पुढचा शब्द वाचायला घेतला असेल तर तो चुकीचा निघू शकतो. मग एक ठोका रिकामा सोडा, नाहीतर मायक्रोप्रोग्रॅम असा लिहा की फ्लॅग एक पायरी आधीच तयार असेल. शिवाय ऑपकोडवरून कंट्रोल मेमरीतल्या नेमक्या पत्त्यावर जायला बऱ्याच यंत्रांत एक पायरी जाते.

खरं उदाहरण हवं असेल तर आयबीएमची सिस्टीम/३६० पाहा, १९६४ सालची. सूचनासंच एकच, पण लहानमोठी अनेक मॉडेल. त्यातलं मॉडेल ६५ मायक्रोप्रोग्राम्ड होतं, त्याचा ठोका २०० नॅनोसेकंदांचा. मॉडेल ७५ हार्डवायर्ड, त्याचा ठोका १९५ चा. पाच नॅनोसेकंदांचा फरक! तरीही ७५ जास्त वेगवान होतं, कारण ते एका ठोक्यात जास्त कामं एकत्र उरकायचं आणि पुढच्या सूचना आधीच आणून ठेवायचं. म्हणून 'हार्डवायर्डचा क्लॉक जलद' एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धं राहतं.

टॉपर_नोट्स
मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण आठ मार्कांत एवढं लिहायला वेळ कुठं असतो?

नागाळापार्क
तीन वाक्यांत मावतं. सिग्नल ठरायला लागणारा वेळ गेटांमधून कमी, रॉममधून जास्त. आगाऊ वाचन केलं तर हा फरक बराच झाकला जातो. अटीच्या उडीला मात्र तो पुन्हा उघडा पडतो. आठातले दोन मार्क इथंच मिळायला हवेत.

तुझ्या नोट्समधल्या दोन गोष्टी मात्र या मुलाला लिहू देऊ नकोस. ८०८५ हार्डवायर्ड आहे. मायक्रोकोड आहे तो ८०८६ मध्ये, ५१२ शब्दांचा रॉम, प्रत्येक शब्द २१ बिटांचा. आणि पेंटियमचा भागाकाराचा बग कंट्रोल युनिटमधला नव्हताच. भागाकार करताना अंदाजाचा आकडा ज्या तक्त्यातून घेतात, त्यात काही नोंदी राहून गेल्या होत्या. तो तक्ता चिपमध्ये पक्का कोरलेला होता, म्हणून बदलता आला नाही, एवढं खरं. नंतरच्या पेंटियम प्रोपासून मायक्रोकोडवर बाहेरून दुरुस्ती चढवायची सोय आली.

टॉपर_नोट्स
८०८५ चं माझ्याकडच्या दोन्ही नोट्समध्ये मायक्रोप्रोग्राम्ड असंच आहे. मला त्यावर मार्कही मिळालेत. पण तुम्ही सांगताय म्हणजे पुन्हा तपासतो. पेंटियमचं मी ऐकीव लिहिलं होतं, ते मागं घेतो.

धोटा
मी इचलकरंजीचा. पुतण्या याच वर्गात आहे, त्यानं हा धागा दाखवला. मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण वाचताना आमचे मागच डोळ्यांसमोर आले, म्हणून लिहितो.

आमच्याकडं दोन प्रकारचे माग होते. साध्या कापडाला टॅपेटचा माग. शाफ्टवर लोखंडी टॅपेट बसवलेले असतात, शाफ्ट फिरला की ते हेल्ड फ्रेम खालीवर करतात, ताण्याचे धागे उघडतात आणि धोटा पलीकडं जातो. मधे काहीच नाही, लोखंडानं लोखंडाला ढकलायचं. म्हणून जोरात पळतो. पण वीण बदलायची म्हटली की जॉबर बोलवायचा, टॅपेट काढायचे, गिअर बदलायचे, माग तेवढा वेळ बंद.

दुसरा डॉबीचा. त्याला पट्ट्यांची साखळी असते. बाण्याच्या दर फेऱ्याला एक पट्टी पुढं येते आणि त्या पट्टीवर जिथं खुंटी आहे तेवढ्याच फ्रेम उचलल्या जातात. नक्षी बदलायची तर खुंट्या बदला नाहीतर साखळी बदला, मागाला हात लावायला नको. वेग मात्र टॅपेटपेक्षा कमी धरावा लागतो, कारण आधी खुंटी 'वाचायची' आणि मग फ्रेम उचलायची.
तुमचं प्रकरण असंच आहे का? चुकत असेन तर सांगा.

नागाळापार्क
काका, इतकं नेमकं उदाहरण मला वर्षानुवर्षांत सुचलं नव्हतं. एक पट्टी म्हणजे कंट्रोल मेमरीतला एक शब्द, एक खुंटी म्हणजे एक बिट, एक फ्रेम म्हणजे एक कंट्रोल लाइन. प्रत्येक लाइनला स्वतःचं बिट असतं त्याला हॉरिझॉन्टल म्हणतात, डॉबी अगदी तशीच.

सिस्टीम/३६० च्या मॉडेल ३० मध्ये तर मायक्रोप्रोग्रॅम पंचकार्डाच्याच आकाराच्या पातळ कार्डांवर होता. कार्डाला भोकं पाडायची आणि यंत्रात बसवायचं. नवीन भोकांचं कार्ड घातलं की यंत्राचं वागणं बदललं, साखळी बदलल्यासारखंच. याच पद्धतीनं मॉडेल ३० वर आयबीएमच्याच जुन्या १४०१ यंत्राचे प्रोग्रॅम चालवायची सोय दिली होती. ग्राहकाला जुने प्रोग्रॅम टाकून द्यावे लागले नाहीत. लवचिकपणाचं हे उदाहरण परीक्षेत लिहिण्यासारखं आहे.

तुलना जिथं तुटते तेही सांगते. डॉबीची साखळी गोल फिरते, पट्टीनंतर ठरलेलीच पट्टी येते. मायक्रोप्रोग्रॅमला ऑपकोड बघून साखळीतल्या भलत्याच ठिकाणी उडी मारता येते, आणि 'बाकी शून्य असेल तर अमुक पट्टी' असंही सांगता येतं.

ब्रेडबोर्ड_भाऊ
मी उद्यमनगरात असतो. दीड वर्षापूर्वी ७४ सिरीजच्या चिप वापरून पाच सूचनांचा छोटा प्रोसेसर बांधला होता. आधी हार्डवायर्ड, नंतर रॉमवर. 'बदलायला अवघड' म्हणजे काय, ते मला हातानं कळलंय, म्हणून ते मी सांगतो.

माझ्याकडं LOAD, ADD, STORE, JMP, JZ एवढ्याच सूचना होत्या. टी१ ते टी३ मध्ये सूचना मेमरीतून आणायची, टी४ ते टी६ मध्ये पार पाडायची. उडीच्या सूचना टी४ लाच संपतात. त्यातली ही काही समीकरणं:

```
MAR_IN   = T1 + T4·(LOAD + ADD + STORE)
MEM_READ = T2 + T5·(LOAD + ADD)
MBR_OUT  = T3 + T6·(LOAD + ADD)
ACC_IN   = T6·(LOAD + ADD)
PC_IN    = T4·(JMP + JZ·Z)
END      = T6·(LOAD + ADD + STORE) + T4·(JMP + JZ)
```

आता मला SUB घालायची होती. एएलयूला वजाबाकी येत होती, फक्त सूचना नव्हती. वाटलं, एक तार ओढली की झालं. तसं होत नाही. SUB ला मेमरीचा पत्ता पाठवावा लागतो, म्हणून `MAR_IN` बदला. मेमरी वाचावी लागते, म्हणून `MEM_READ` बदला. मग `MBR_OUT`, `ACC_IN`, `END`. आणि वर `ALU_SUB = T6·SUB` हे नवीन. एका सूचनेसाठी पाच जुनी समीकरणं उकलायची आणि सहावं नवीन बांधायचं. दोन इनपुटचं गेट होतं तिथं तीन इनपुटचं लागतं, म्हणजे चिपच बदलायची. माझा अख्खा शनिवार गेला.

आणि त्यात मी `END` मध्ये SUB घालायला विसरलो. गंमत अशी की यंत्र बिघडलं नाही! उत्तरं बरोबर यायची. पायऱ्या मोजणाऱ्या १६३ काउंटरचे मी खालचे तीनच बिट वापरले होते. `END` आलं नाही तर तो टी६ नंतर टी७, टी८ करून आपोआप टी१ वर यायचा. त्या दोन ठोक्यांत एकही सिग्नल चालू नसायचा, त्यामुळं काही खराब व्हायचं नाही. SUB फक्त सहाऐवजी आठ ठोके घ्यायची. आठवडाभर पत्ता लागला नाही. एकदा क्लॉक हातानं बटण दाबून चालवत होतो, तेव्हा पायऱ्यांच्या एलईडी मोजल्या आणि ध्यानात आलं.

रॉमवर तीच सूचना अशी बसली:

```
20: IR_ADDR_OUT  MAR_IN             next 21
21: MEM_READ                        next 22
22: MBR_OUT  ALU_SUB  ACC_IN        next 00
```

जुन्या एकाही शब्दाला हात लावला नाही. रिकाम्या जागेत तीन शब्द लिहिले आणि SUB चा ऑपकोड २० नंबरच्या पत्त्याकडं वळवला. अर्ध्या तासात काम झालं, त्यातही बराच वेळ रॉम काढून प्रोग्रॅमरवर लावायला गेला.

तांबडा_पांढरा
दादा, हे भारी आहे. म्हणजे हार्डवायर्डमध्ये एक सूचना अनेक समीकरणांत विखुरलेली असते आणि मायक्रोप्रोग्राम्डमध्ये एका जागी असते. 'अवघड' याचा अर्थ हाच ना?

मग मायक्रोप्रोग्राम्डमध्ये हवी ती सूचना घालता येते का? गुणाकार घालायचा म्हटलं तर?

ब्रेडबोर्ड_भाऊ
अर्थ तोच, बरोबर धरलास. पण हवी ती सूचना येत नाही. मी गुणाकार घालायला गेलो आणि अडलो. बेरीज पुन्हा पुन्हा करून गुणाकार होतो, पण किती वेळा केली ते मोजायला एक रजिस्टर लागतं, ते माझ्या यंत्रात नव्हतंच. नवीन रजिस्टर घातलं की त्याला नवीन कंट्रोल लाइन आली, म्हणजे रॉमचा शब्द रुंद करायला हवा, म्हणजे शेजारी आणखी एक रॉम. मायक्रोप्रोग्रॅम हाताशी असलेल्या तारांचीच नवी जुळणी करतो, नवीन तार निर्माण करत नाही. शिवाय रॉममध्ये जागा शिल्लक असावी लागते.

शिरोली_नाका
आता मला कळलं कशाबद्दल चाललंय. आमच्या पीएलसीचंही असंच असतं. लॅडर कितीही बदला, आउटपुट पॉइंटच संपले असतील तर नवीन मॉड्यूल आणावंच लागतं.

टॉपर_नोट्स
मग रिस्क म्हणजे हार्डवायर्ड आणि सिस्क म्हणजे मायक्रोप्रोग्राम्ड, हे तरी बरोबर आहे ना? परीक्षेत ते हमखास विचारतात.

नागाळापार्क
'बहुधा' हा शब्द घालून लिही. वर सांगितलेलं मॉडेल ७५ बघ, सूचनासंच किचकट आणि कंट्रोल हार्डवायर्ड. आजचे इंटेलचे प्रोसेसर दोन्ही वापरतात. नेहमीच्या साध्या सूचना डीकोडर थेट फोडतो, ज्यांच्या पोटात पुष्कळ पायऱ्या आहेत त्या मायक्रोकोड रॉमकडं जातात.

रिस्कवाले हार्डवायर्डकडं का वळले ते कारणासकट लिहिलंस तर जास्त चांगलं. साठच्या दशकात मुख्य मेमरी कोअरची, म्हणजे सावकाश. मॉडेल ३० मध्ये मेमरीच्या एका फेरीला १.५ मायक्रोसेकंद लागायचे आणि कंट्रोलचा ठोका ७५० नॅनोसेकंदांचा होता. मेमरीची एक फेरी होईपर्यंत दोन मायक्रोसूचना आरामात होत. तेव्हा एकेका मोठ्या सूचनेत भरपूर काम कोंबणं फायद्याचं होतं. पुढं सेमीकंडक्टर मेमरी आणि कॅशे आल्यावर साधी सूचनाही कंट्रोल रॉमइतक्याच वेगानं हाताशी येऊ लागली. मग मधे मायक्रोप्रोग्रॅमचा थर ठेवण्याचं कारण उरलं नाही. साध्या सूचना थेट गेटांनी पार पाडता येतात.

खर्चाच्या ओळीबद्दलही सांगते. 'हार्डवायर्ड महाग' हे सरसकट खरं नाही. पाच सूचनांच्या यंत्राला गेट कमी लागतात, रॉम, पत्त्याचं रजिस्टर आणि पुढचा पत्ता ठरवणारं सर्किट हा उलट जादा खर्च होतो. सूचना वाढत गेल्या की गेटांचं जंगल वाढतं, रॉममध्ये फक्त ओळी वाढतात. म्हणून 'सूचनासंच मोठा असेल तर' ही अट जोडून लिही.

ब्रेडबोर्ड_भाऊ
मॅडम, एक शंका बरेच दिवस आहे. वर मी `next` लिहिलंय ती माझी दुसरी आवृत्ती. पहिल्या आवृत्तीत पुढचा पत्ता रॉममध्ये नव्हताच. १५० नॅनोसेकंदांची २८सी१६ घेतली, तिच्या पत्त्याच्या पिनांना ऑपकोड, पायरीचा काउंटर आणि झेड फ्लॅग जोडले, डेटाच्या पिनांतून कंट्रोल सिग्नल काढले. हे मायक्रोप्रोग्राम्ड म्हणायचं की हार्डवायर्ड?

नागाळापार्क
मी त्याला मायक्रोप्रोग्राम्ड म्हणणार नाही. तुमची समीकरणंच तुम्ही तक्त्याच्या रूपात रॉममध्ये भरलीत. पायऱ्यांचा क्रम अजूनही काउंटर ठरवतो. १९५१ मध्ये मॉरिस विल्क्सनी ही कल्पना मांडली, तेव्हा पुढची मायक्रोसूचना कोणती हेसुद्धा कंट्रोल मेमरीच ठरवेल, हा तिचा गाभा होता.

ब्रेडबोर्ड_भाऊ
पण बदलायचं झालं तर मी फक्त रॉमच बदलतो, गेट नाही. लवचिकपणाचा निकष लावला तर ते मायक्रोप्रोग्राम्डच्या बाजूला जातं. मला अजून तसंच वाटतं.

नागाळापार्क
तुमचा निकषही चुकीचा नाही. जाणत्या लोकांतही यावर एकमत नाही. परीक्षेत असं मधलं उदाहरण देऊ नये एवढंच मी म्हणेन.

तांबडा_पांढरा
मॅडम, तुम्ही पेंटियम प्रोपासून बाहेरून दुरुस्ती चढवता येते म्हणालात, ती आपल्याला बघता येते का?

नागाळापार्क
लिनक्स असेल तर बघता येते.

```
grep -m1 microcode /proc/cpuinfo
```

`microcode : 0xf0` असा काहीतरी आकडा दिसेल, तो चालू मायक्रोकोडच्या आवृत्तीचा. ही दुरुस्ती प्रोसेसरच्या आत एका लहानशा रॅममध्ये बसते, वीज गेली की पुसली जाते. म्हणून दर वेळी मशीन सुरू होताना बायॉस किंवा ऑपरेटिंग सिस्टीम ती पुन्हा चढवते. २०१८ मध्ये स्पेक्टरचा प्रश्न आला तेव्हा इंटेलनं अशाच दुरुस्त्या दिल्या होत्या. पण जे काम शुद्ध गेटांत होतं, तिथं हिचा हात पोचत नाही.

धोटा
मॅडम, माझा एक प्रश्न. डॉबीच्या पट्टीवरची एक खुंटी पडली, तर कापडात दर नक्षीला त्याच जागी चूक येते. कापड पसरलं की ठरावीक अंतरावर तीच रेघ दिसते, मग आम्ही पट्ट्या मोजून खुंटी शोधतो. तुमच्या रॉममधलं एक बिट गेलं तर कसं कळतं?

नागाळापार्क
तसंच कळतं काका. ते बिट ज्या सूचनेच्या ओळीत आहे ती सूचना दर वेळी एकाच पद्धतीनं चुकते, बाकीच्या सूचना व्यवस्थित चालतात. पण सूचना आणणाऱ्या पहिल्या तीन ओळींतलं बिट गेलं, तर सगळंच थांबतं, कारण त्या ओळींतून प्रत्येक सूचनेला जावं लागतं. मोठ्या यंत्रांत प्रत्येक शब्दाला एक पॅरिटी बिट जोडतात, शब्द वाचतानाच चूक पकडली जाते.

हार्डवायर्डमध्ये एक गेट खराब झालं तर लक्षण वेगळं दिसतं. वरचं `MEM_READ` बघा. त्यातलं टी५ चं गेट गेलं, तर LOAD आणि ADD दोन्ही एकदम चुकतील, STORE आणि उड्या नीट चालतील. एकच सिग्नल वापरणाऱ्या सगळ्या सूचना एकत्र आजारी पडतात.

तांबडा_पांढरा
हे तर कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. दोष शोधण्याचा मुद्दा मी आता तक्त्यात घालणार. वेगाचं उत्तर रात्री १६०-१७० च्या आकड्यांसकट लिहून काढलं, दीड पान झालं, आता ते सहा ओळींत बसवतोय.

@ब्रेडबोर्ड_भाऊ दादा, तुमचं हार्डवायर्ड यंत्र अजून आहे का? रविवारी उद्यमनगरात आलो तर `END` मधली SUB ची तार काढून ते आठ ठोके बघायचे आहेत.

ब्रेडबोर्ड_भाऊ
आहे. दहानंतर ये, पत्ता निरोपातून पाठवतो. क्लॉक बटणावर ठेवतो, तूच मोज.

धोटा
पुतण्यालाही पाठवतो त्याच्याबरोबर. आणि पोरांना डॉबी बघायची असेल तर इचलकरंजीला कधीही या. एक जुना माग अजून चालू आहे, साखळी उतरवून हातात देतो.